थर्मोस्टॅटवर ४०, दगडावर ५३ : बिअर्डेड ड्रॅगनच्या एन्क्लोजरमध्ये प्रोब नेमका कुठे लावायचा

इंदूरमध्ये बिअर्डेड ड्रॅगन पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वर्षातून दोनदा हमखास येते. जानेवारीत ती अशी असते : “थर्मोस्टॅट बरोबर ४० दाखवतोय, तरी हा खात नाही, दिवसभर सुस्त पडून राहतो.” आणि मे महिन्यात अशी : “थर्मोस्टॅट बरोबर ४० दाखवतोय, तरी हा लांबच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसतो आणि काच ओरबाडतो.” यंत्र तेच, आकडा तोच, आणि जनावर एकदा गारठलेलं तर एकदा भाजून निघालेलं. मग लोक दिवा बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात, कोणी तर जनावरच आजारी धरून औषधं सुरू करतात. यातल्या बहुतेक घरांत बिघाड एकाच ठिकाणी असतो : थर्मोस्टॅटला वायरीने जोडलेल्या, तापमान मोजणाऱ्या प्रोबच्या टोकाशी.

आधी जनावराला काय हवं ते सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशासाठी मोजायचे ते कळेल. बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, दिवसा वावरणारा सरडा. मोठ्या ड्रॅगनला ऊन घ्यायच्या म्हणजे बास्किंगच्या जागी, तो जिथे पोट टेकतो त्या पृष्ठभागावर, साधारण ४० ते ४२ अंश लागतात. कूल साइडला, म्हणजे दिव्यापासून लांबच्या टोकाला, हवा २४ ते २८ अंश असावी. रात्री २० अंशांच्या आसपास गेलं तरी त्याला चालतं. तो शरीराचं तापमान स्वतः तयार करत नाही. गरम जागी जाऊन घेतो, पुरे झालं की गार जागी जाऊन सोडतो. म्हणून त्याला एकच ‘बरोबर’ तापमान देऊन भागत नाही. दोन टोकं लागतात आणि मधे चालत जाता येईल असा उतार लागतो. गरम टोक कमी पडलं तर खाल्लेलं पचत नाही. गार टोक गार नसेल तर सुटकेची जागाच उरत नाही, आणि हे पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. गारठलेला ड्रॅगन काही दिवस सुस्त राहतो. तापलेला ड्रॅगन एका दुपारीत जाऊ शकतो.

आता लोकमान्य नगरमधल्या एका घराची हकीकत. एक काकू आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. ड्रॅगन पूर्ण वाढलेला, एन्क्लोजर प्लायवूडचं, चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, पुढे सरकती काच, दोन्ही बाजूंना वर जाळी. एका टोकाला १०० वॅटचा हॅलोजन फ्लड दिवा, त्याच्याखाली विटांवर ठेवलेला कोटा स्टोनचा तुकडा, दिव्यापासून दगडापर्यंत २८ सेंटीमीटर. थर्मोस्टॅट म्हणजे सगळीकडे मिळतो तो STC-1000 जातीचा डबा, F1 वर, म्हणजे राखायच्या तापमानाच्या सेटिंगवर, ४० लावलेला. मांडणीत नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. चार फुटी पेटी हवीच. दोन फुटी काचेच्या टाकीत शंभर वॅटचा दिवा लावून कूल साइड शोधणं व्यर्थ असतं, तिथे प्रोब कुठेही लावला तरी उतार तयार होत नाही.

मी पाहिलं तेव्हा मे महिन्यातली दुपार होती, खोलीत ३४ अंश. थर्मोस्टॅटवर ४० आणि ४१ च्या मधे आकडा हलत होता. प्रोब सक्शन कपने मागच्या सनमायकावर चिकटवलेला होता, दगडापासून वीतभर बाजूला आणि अर्ध्या उंचीवर. टेंपरेचर गन दगडाच्या मध्यावर धरली तर ५३. कूल साइडच्या हवेत ३६. ड्रॅगन त्या ३६ अंशांच्या कोपऱ्यात, काचेला नाक लावून, तोंड उघडं.

तोंड उघडं ठेवणं ही स्वतःत वाईट खूण नाही, हे इथेच सांगायला हवं. बास्किंग करताना शरीर पुरेसं तापलं की ड्रॅगन जबडा उघडून जास्तीची उष्णता सोडतो, आणि तेव्हा सगळं ठीक चाललंय असंच समजायचं. पण तोच प्रकार तो दिव्यापासून सर्वांत लांब बसून करत असेल, तर त्याला पळायला जागा राहिलेली नाही.

काकूंशी बोलताना मागचा इतिहास कळला, आणि सगळं कोडं तिथेच उलगडलं. जानेवारीत हाच प्रोब दुसरीकडे होता. त्या वेळी खोली सकाळी १७ अंशांवर असायची. माळव्यातली थंडीची रात्र घरातही शिरते, पहाटे खोली गार पडते हे इंदूरकरांना सांगायला नको. भिंतीवरचा प्रोब तेव्हा २३-२४ च्या वर चढेना, म्हणून मुलाने तो वायरीला धरून दिव्याखाली लोंबकळत सोडला, दिव्यापासून जेमतेम १० सेंटीमीटरवर. लगेच आकडा ४० झाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पुढचा महिनाभर ड्रॅगनने अर्धं अन्न टाकलं, विष्ठेत न पचलेली पानं दिसायला लागली. शेवटी प्रोब पुन्हा भिंतीवर गेला, ड्रॅगन सुधारला, आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरलं. मे उजाडला तेव्हा तो उलट्या बाजूने परत आला.

दोन्ही वेळा थर्मोस्टॅटने आपलं काम चोख केलं. प्रोब फक्त स्वतःचं तापमान सांगतो. दगडाचं नाही, हवेचंही नाही आणि जनावराच्या पाठीचं तर नाहीच. त्याला जिथे ठेवाल तिथे तो जितका तापेल तितका आकडा पडद्यावर येतो, आणि थर्मोस्टॅट त्या एका बिंदूसाठी दिवा चालू-बंद करतो. बाकी पेटीत काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

बास्किंगचा दिवा हवा फारशी तापवत नाही. त्याची उष्णता किरणांनी येते आणि ज्या वस्तूवर पडते तिला तापवते. डिसेंबरात गच्चीवर उन्हाला पाठ करून बसलं की पाठ भाजते आणि सावलीतले पाय गारच राहतात, तसंच इथे आहे. म्हणून दिव्याच्या झोतातली वस्तू आणि झोताबाहेरची हवा यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक अगदी सहज पडतो. दिव्याखाली १० सेंटीमीटरवर लोंबणाऱ्या काळ्या रबरी टोकाला थेट मारा बसतो, ते क्षणात ४० गाठतं आणि दिवा बंद. खाली २८ सेंटीमीटरवरचा जाड दगड तापायच्या आतच दिवा विझलेला असतो. तो दगड त्या महिनाभर तिशीच्या आसपासच राहिला असणार. तेवढ्यावर ड्रॅगन जगतो, पण पचवू शकत नाही. भिंतीवरच्या प्रोबची गोष्ट याच्या उलट. त्याच्यावर झोत पडतच नाही, त्याला फक्त खोलीपेक्षा पाच-सहा अंश जास्त तापलेली पेटीतली हवा लागते. मेमध्ये खोली ३४ झाली तेव्हा कुठे तो कसाबसा ४० ला पोचला. तोवर दिवा जवळजवळ अखंड चालू, आणि दगड ५३ वर.

म्हणजे या पेटीत १०० वॅटचा दिवा २८ सेंटीमीटरवरून अखंड जळला तर दगड खोलीपेक्षा साधारण १९ अंश वर जातो. हा आकडा त्या पेटीचा, त्या दिव्याचा, त्या दगडाचा. तुमच्याकडे तो वेगळा निघेल. पण तो एकदा काढून ठेवलात की वर्षभराचं गणित हातात येतं. मार्चमध्ये खोली २७ असताना दगड ४६ झाला असणार, म्हणजे तेव्हाच जास्त. काकूंना आठवत होतं की मार्चपासून तो दगडाच्या मध्यावर बसायचा सोडून कडेला बसायला लागला होता. जनावराने दोन महिने आधी सांगितलं होतं.

आता तपासणी कशी करायची. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या पायरीत खोट असेल तर पुढचे आकडे फसवतात.

पहिल्यांदा प्रोब खरा बोलतोय का ते बघा. बर्फाच्या पाण्याची चाचणी बऱ्याच जणांना माहीत असते : बर्फाचा चुरा, बुडेल इतकंच पाणी, ढवळत राहायचं, प्रोब भांड्याला टेकू न देता धरायचा, आकडा शून्याजवळ यायला हवा. पण आपल्याला काम आहे ते चाळिशीच्या आसपास, म्हणून मला दुसरी चाचणी जास्त उपयोगाची वाटते. मगभर कोमट पाणी घ्या आणि त्यात प्रोब व ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरा. घरातला थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असेल तर १०० म्हणजे आपले ३७.८. ताप मोजायचे थर्मामीटर या टापूत बरेच अचूक असतात, एन्क्लोजरमध्ये लावायच्या स्वस्त गोल काट्यांच्या मीटरपेक्षा तर खूपच. फरक अर्ध्या-एक अंशाचा असेल तर STC-1000 मध्ये F4 या दुरुस्तीच्या सेटिंगवर तो भरून काढता येतो. फरक तीन-चार अंशांचा असेल किंवा आकडा स्थिरच होत नसेल तर प्रोब टाका, तो काही महागाचा नाही. या चाचणीला वापरलेला थर्मामीटर मात्र पुन्हा घरच्या माणसांसाठी वापरू नका, सरड्यांच्या पेटीतल्या वस्तूंवर साल्मोनेला असू शकतो. लोकमान्य नगरच्या घरी प्रोब अर्ध्या अंशानेसुद्धा चुकत नव्हता.

मग दिवा लावून निदान पाऊण तास थांबा. कोटा स्टोन जाड असतो, त्याला तापायला वेळ लागतो, आणि दहा मिनिटांनी घेतलेल्या मापावर दिवा हलवणारे लोक नंतर पस्तावतात. दगड स्थिरावला की टेंपरेचर गनने मोजा. गन जवळ धरा, वीतभर अंतरावर, आणि दगडावर सरळ. लांबून धरली तर ती मोठ्या वर्तुळाची सरासरी दाखवते आणि त्यात आजूबाजूची गार जमीनही धरली जाते. मध्यावर, चारही कडांवर, आणि ड्रॅगन जिथे डोकं ठेवतो तिथे मोजून आकडे लिहून ठेवा. काचेतून मोजू नका. गनला काचेपलीकडचं काही दिसत नाही, ती काचेचंच तापमान सांगते. चकचकीत पत्र्यावरही ती कमी दाखवते. खडबडीत कोटा, साधी वीट, मातीचं कवेलू यांवर तिचा आकडा भरवशाचा.

एक गोष्ट गनला दिसत नाही : ड्रॅगनची पाठ दगडापेक्षा चार-पाच सेंटीमीटर वर असते, म्हणजे दिव्याच्या तेवढी जवळ. दगड ४२ वर असताना दिवा २० सेंटीमीटरवर असेल तर पाठीवरचा मारा दगडापेक्षा बराच जास्त असतो. दिवा ३० सेंटीमीटरवर असेल तर तो फरक कमी होतो. म्हणून छोटा दिवा जवळ लावण्यापेक्षा जरा मोठा दिवा लांब लावलेला बरा. पाठीच्या उंचीएवढा एक लाकडी ठोकळा दगडावर ठेवून त्याच्या माथ्यावर अर्ध्या तासाने गन धरली की पाठीच्या बाबतीत काय घडतंय त्याचा चांगला अंदाज येतो.

शेवटी दिवा पूर्ण बंद करून तासभर थांबा आणि कूल साइड मोजा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात आणि उन्हाळ्यात सगळा निर्णय हिच्यावर असतो. दिवा बंद करून कूल साइड ३६ वरून २८ वर आली, तर दोष दिव्याचा. इथे ती ३६ वरून ३४ वर येऊन थांबली, म्हणजे खोलीएवढी झाली. आता जगातला कोणताही थर्मोस्टॅट त्या कोपऱ्याला ३४ च्या खाली नेऊ शकत नाही, कारण दिवा बंद करणं एवढंच त्याच्या हातात आहे.

आता मूळ प्रश्न, प्रोब कुठे. माझं उत्तर असं : दगडाच्या कडेला, झोताच्या आत, ड्रॅगनच्या पाठीच्या उंचीवर, आणि तो ज्यावर कधी आडवा होणार नाही अशा बाजूला. ही जागा निवडण्यामागे एक कारण आहे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘प्रोब दगडाच्या मध्यावर ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

दगडाच्या मध्यावर ठेवलेल्या प्रोबवर ड्रॅगन येऊन बसतो. त्याच्या पोटाची सावली पडली की प्रोबला दिव्याचा मारा बसत नाही, त्याला फक्त पोटाचं तापमान कळतं, ते असतं ३५ च्या आसपास. थर्मोस्टॅटला वाटतं जागा गार पडली. तो दिवा लावतो, डिमर असेल तर पूर्ण ताकदीने, आणि जनावर बसलेलं असेपर्यंत विझवतच नाही. पाठ वरून भाजत राहते, आणि पडद्यावर आकडा ३५-३६, म्हणजे बघणाऱ्याला उलट कमीच वाटणार. पाठीवरच्या खवल्यांवर तपकिरी कोरडे डाग, कातडीचा एखादा पट्टा नीट न सुटणं अशा खुणा दिसल्या तर पहिला संशय इथे घ्यावा.

दुसरा धोका प्रोब निसटण्याचा, आणि तक्रार परत परत यायचं खरं कारण तेच आहे. सक्शन कप उष्णतेने मऊ पडतो आणि सुटतो. ड्रॅगन वायरीवर पाय देतो, किडा पकडायला झेप घेतो, आणि प्रोब खाली जमिनीवर, कधी तर कूल साइडपर्यंत ओढला जातो. तिथे तो कायम २८-३० दाखवतो, आणि दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत विझत नाही. काकूंच्या घरी कप दर काही दिवसांनी सुटायचा आणि ज्याच्या हाताला लागेल तो जिथे चिकटेल तिथे लावायचा. म्हणजे दर वेळी थर्मोस्टॅट नव्याच जागेचं तापमान सांभाळत होता. चिकटपट्टी हा त्यावर उपाय नाही, आणि पेटीच्या आत तर ती मुळीच नको. उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि सरडा त्याला चिकटला तर कातडी सोलून निघते.

आम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या वायर ठोकायच्या क्लिपा घेतल्या. प्रोबची वायर मागच्या भिंतीतून छिद्र पाडून दगडाच्या उंचीवरच आत आणली, म्हणजे आत लोंबणारी वायर जवळजवळ उरलीच नाही. प्रोबचं टोक दगडाच्या मागच्या कडेला, एका छोट्या लाकडी पट्टीवर, दगडापासून चार सेंटीमीटर वर, दोन क्लिपांनी स्क्रूने पक्कं केलं. टोक लाकडाला टेकलेलं राहू दिलं नाही, जरासं पुढे काढलं.

या जागी दगडाचा मध्य ४१ वर असताना प्रोब ३७ दाखवत होता. मुलाला हे पटेना, “मग F1 वर ४१ च लावतो ना, काका.” इथे थांबून समजून घेणं भाग आहे. प्रोबचा आकडा आणि दगडाचा आकडा एकच असण्याची काही गरज नाही. गरज आहे ती त्या दोघांतलं नातं न बदलण्याची. प्रोब स्क्रूने जागेवर बसलेला आहे, दिवा तोच आहे, उंची तीच आहे, तोवर प्रोबचे ३७ म्हणजे दगडाचे ४१. म्हणून F1 वर ३७ लावायचं आणि डब्यावर कागद चिकटवायचा : ‘३७ = दगड ४१’. गन खरं तापमान सांगते, प्रोब ते राखतो. दिवा, उंची, दगड यांतलं काहीही बदललं की गन घेऊन नातं पुन्हा तपासायचं. F2, म्हणजे दिवा किती अंशांच्या फरकाने पुन्हा लागेल ते, १ वर होतं, ते २ केलं, नाहीतर दिवा सारखा लागत-विझत राहतो. ड्रॅगनसाठी तो उजेडही आहे आणि तो दर दोन मिनिटांनी जाणं बरं नाही, शिवाय हॅलोजनही लवकर जातो.

याच कारणासाठी थर्मोस्टॅटने दिवसभर दिवा चालू-बंद करत तापमान राखावं अशी अपेक्षा मी ठेवत नाही. दिव्याचं वॅटेज आणि उंची अशी जमवायची की दगड आपोआप ४१-४२ च्या आसपास स्थिरावेल, आणि थर्मोस्टॅट हा फक्त वरचा अडसर राहील. उन्हाळ्यात खोली ३४ असताना दगडाला खोलीपेक्षा फक्त ७-८ अंश जास्त हवेत. १०० वॅटचा दिवा तिथे निरुपयोगी आहे. काकूंकडे ५० वॅटचा हॅलोजन लावला आणि ३३ सेंटीमीटरवर उचलला, दगड ४१-४२ वर स्थिर झाला. जानेवारीत खोली १७ असताना हाच दगड २४-२५ अंशांनी वर न्यायला हवा, तेव्हा १०० वॅट परत लावून २४ सेंटीमीटरवर आणायचा. अंतर निम्मं केलं तर मारा चौपट होतो हे शाळेतलं गणित रिफ्लेक्टरच्या दिव्याला तंतोतंत लागू होत नाही, पण दोन-चार सेंटीमीटरसुद्धा बराच फरक पाडतात एवढं त्यातून कळतं. दिव्याभोवती जाळी हवी, आणि ड्रॅगन चढून तिला टेकू शकणार नाही इतकं अंतर हवं. डिमिंग थर्मोस्टॅट परवडत असेल तर उत्तम, हॅलोजन त्याच्यावर छान चालतो. यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, नळी मात्र कोणत्याही थर्मोस्टॅटवर किंवा डिमरवर जोडू नका, तिला वेगळा टायमर द्या.

कूल साइडला थर्मोस्टॅटचा प्रोब नको, तिथे वेगळा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. त्याचा प्रोब दिव्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला, जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, सावलीत. पुढच्या काचेवर लावला तर तो खोलीचं तापमान सांगतो, वरच्या जाळीजवळ लावला तर पेटीत वर साचलेल्या गरम हवेचं. पेटीची एखादी बाजू पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर त्या भिंतीपासूनही दूर ठेवा. इंदूरमध्ये मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते, आणि पेटी तिथून हलवणं हाच सरळ मार्ग.

आणि कूल साइड खोलीमुळेच तापत असेल तर उपाय पेटीबाहेर आहे. काकूंनी पेटी पहिल्या मजल्यावरून खालच्या उत्तरेकडच्या खोलीत आणली, तिथे दुपारी ३० च्या वर जात नाही. दिव्याचा टायमर सकाळी साडेसहा ते अकरा असा केला, दुपारभर फक्त यूव्हीबी, संध्याकाळी परत तासभर दिवा. ड्रॅगनने सकाळी पोट भरून ऊन घेतलं तर दुपारी गार कोपऱ्यात पडून राहणं त्याला मानवतं. आता कूल साइड दुपारी ३०-३१ ला जाते. आदर्श नाही, पण दिवा बंद आहे आणि तो मुकाट पडून राहतो, काच ओरबाडत नाही. कूल साइड ३३ च्या वर जात असेल तर मी दिवा लावूच देत नाही, मग त्या दिवशी बास्किंग बुडालं तरी चालेल. डेझर्ट कूलर खोलीत चालतो, पण त्याचा झोत पेटीवर नको. कूलरची हवा दमट असते आणि या कोरड्या भागातल्या सरड्याला दिवसचे दिवस दमट हवेत ठेवलं तर छातीचं दुखणं उद्भवतं. एसी असेल तर २७-२८ वर पुरे.

ड्रॅगन हातपाय पसरून ढिला पडला, तोंड उघडं, उचलल्यावर प्रतिसाद मंद, असं दिसलं तर लगेच दिवा बंद करा, त्याला गार खोलीत हलवा, साध्या नळाच्या पाण्यात पोट भिजेल इतपत ठेवा आणि सरीसृपांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना फोन करा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी लावू नका, एकदम गार केल्याने त्याला धक्का बसतो.

थंडीत रात्रीसाठी वेगळी तजवीज लागली तर सिरॅमिक हीटर वेगळ्या थर्मोस्टॅटवर घ्यावा. त्याचा प्रोब पेटीच्या मध्यभागी, जमिनीपासून पाच-सहा सेंटीमीटरवर, झोताबाहेर ठेवावा आणि १९-२० वर लावावा. इथे हवाच राखायची आहे, म्हणून इथे प्रोबने हवाच मोजायला हवी. दिव्याच्या थर्मोस्टॅटवरच रात्रीचा हीटरही जोडून एका प्रोबवर दोन्ही चालवायचा प्रयत्न करू नका. ३७ साठी बसवलेल्या जागेवरून २० नीट राखलं जात नाही.

काकूंच्या डब्यावर आता दोन कागद आहेत, एक ५० वॅट आणि ३३ सेंटीमीटरचा, दुसरा १०० वॅट आणि २४ सेंटीमीटरचा. दिवा बदलतानाच गनने नवं नातं मोजून त्यावर लिहायचं आहे. दिवा कधी बदलायचा ते खोलीच्या तापमानावरून ठरतं : सकाळी दगड पाऊण तासात ३८ सुद्धा गाठत नसेल तर मोठा दिवा, आणि दुपारी थर्मोस्टॅट सारखा दिवा विझवत असेल तर छोटा. इंदूरमध्ये हे बदल साधारण दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास करावे लागतात.